दुसरं नाक

त्याच्या शर्टाच्या खिशाकडे बघायचं, असं मी ठरवलं होतं. चेहऱ्याकडे नाही आणि हातांकडे तर मुळीच नाही. खिशात एक निळं पेन असायचं, कधी घडी केलेला कागद. खिशावर नजर ठेवून बोललं की बाजूच्यांना वाटतं, दोघं एकमेकांशी नीट बोलतायत. हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले. मान खाली घालून बोललं की लोक विचारतात, काय झालं? खिशाकडे बघून बोललं की कुणी काही विचारत नाही.

आमची डेअरी न्हावऱ्याच्या पुढे, रस्त्याला लागून आहे. मी दौंडहून येते, तो शिरूरहून यायचा. चार वर्षं आम्ही दोन दिशांनी येऊन एकाच फाटकातून आत जात होतो आणि आमच्यात काही आहे हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटायचं. डेअरीत आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणायचो. तू फक्त दौंड स्टेशनात, पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यासमोर जो बाक आहे तिथे, सुट्टीच्या दिवशी. शिरूरकडचं कुणी तिथे यायचा प्रश्न नव्हता.

त्याच बाकावर त्याने मला सांगितलं. घरी ठरलंय, म्हणाला. मुलगी पाबळकडची आहे. मग म्हणाला, "मला घरच्यांपुढं बोलता आलं नाही." मी विचारलं, बोलून बघितलंस का? तो समोरच्या रुळांकडे बघत राहिला. गाडी आली, भरली, गेली. तो रविवार होता. सोमवारी सकाळी सहाला आमची दोघांची एकत्र ड्यूटी होती.

रजा घेता आली असती, असं वाचणाऱ्याला वाटेल. नव्हती घेता येत. सकाळच्या दुधाला दोन तपासनीस लागतात आणि डेअरीत दोघंच होते, तो आणि मी. शिवाय रजेला कारण लागतं. माणूस गेलं तर कारण सांगता येतं; लोक घरी येतात, दहा-बारा दिवस कुणी कामाची अपेक्षा करत नाही. माझं जे गेलं होतं त्याला दहावा-तेरावा नव्हता. म्हणून सोमवारी पावणेपाचची एसटी पकडली.

आमचं काम थोडं समजावून सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्या कामामुळेच झालं. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून टेम्पो कॅन घेऊन येतात. कॅन ओट्यावर रांगेत उतरतात. फॅट किती, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ किती, हे सगळं नंतर, आत प्रयोगशाळेत. आधी वास. कॅनचं झाकण उघडलं की पहिल्या दोन सेकंदांत झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाचा सगळा वास साठलेला असतो. ते झाकण नाकाशी धरायचं, हुंगायचं, ठेवायचं, पुढचं उघडायचं. आंबट, जुनाट, गोठ्याचा, औषधाचा, धुराचा. यंत्राला यातलं काही कळतं, काही कळत नाही. गाईने काय खाल्लं हे तर यंत्राला कळतच नाही.

आमच्या सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, एक पद्धत घातली होती. एखाद्या गावचं दूध परत पाठवणं साधी गोष्ट नसते. केंद्राचा चेअरमन फोन करतो, त्याच्यामागे आणखी कुणीतरी करतं. म्हणून एका नाकावर काही ठरायचं नाही. पहिल्याने रांगेतून जायचं, प्रत्येक झाकण हुंगून आपल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि झाकण पुन्हा बसवायचं. मग दुसऱ्याने तीच रांग घ्यायची, वेगळ्या चिठ्ठीवर. मध्ये बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. दोन्ही चिठ्ठ्या सरांच्या टेबलावर. जुळल्या तर तसा निर्णय. न जुळल्या तर सर स्वतः येऊन हुंगणार. एक दिवस तो पहिला, एक दिवस मी. ज्याचा दुसरा नंबर, त्याला सगळे दुसरं नाक म्हणायचे.

आमच्या चिठ्ठ्या कायम जुळायच्या. सर कौतुकाने म्हणायचे, "तुम्हा दोघांना एकच नाक वाटून दिलंय की काय!" तो बाक संपल्यावरही जुळतच राहिल्या. मला त्याचा राग यायचा.

बाकी दिवस मी तुकड्यांत वाटून घेतला होता. एसटीत भीमेच्या पुलापर्यंत रडायला परवानगी होती, पुलानंतर नाही. मांडीवर दौंडच्या वाचनालयातलं पुस्तक उघडं असायचं आणि मध्येच पान उलटायचं विसरायचं नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. उतरल्यावर नळावर तोंड धुवायचं. डोळे लाल दिसले तर कारण तयार होतं: फॅटच्या तपासणीत ॲसिड वापरतात, त्याचा वास डोळ्यांत जातो. चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची नाही, टेबलावर ठेवायची. चहाचा कप त्याच्या कपाशेजारचा उचलायचा नाही. व्हॉट्सॲपच्या डेअरीच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला तर लगेच उघडायचा नाही आणि फार उशिराही नाही.

डबा अवघड होता. आई चार वर्षं मला सहा पोळ्या द्यायची, कारण मी तिला सांगितलं होतं की कामाने भूक लागते. त्यांतल्या तीन त्याच्या असायच्या. आता एकदम तीनच दे म्हटलं तर आई विचारणार. म्हणून सहाच येत राहिल्या. उरलेल्या मी कॅन उतरवणाऱ्या मामांना द्यायला लागले. मामा न्हावऱ्याचेच. पंचवीस वर्षं कॅन उचलून त्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आला होता.

"ताई, आजकाल जेवण कमी झालंय तुमचं," ते पोळी घेताना म्हणाले.

"डाएट करतेय मामा."

"डाएट? तुमच्यात हाय काय कमी करायला? वाऱ्यानं उडून जाल."

मी हसले. हसणंही मी ठरवून ठेवलं होतं. मामांच्या बोलण्यावर हसायचं, कारण मी आधी हसायचे.

हे सगळं कशासाठी, तेही सांगते. आमच्या पॅकिंग विभागात दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आणि एक मुलगी होती. त्यांचं मोडलं. आठ दिवस चर्चा झाली, मग मुलीच्या भावाने येऊन तिला घरी नेलं. मुलगा अजून तिथेच आहे, आता सुपरवायझर झालाय. मला कुणी काही समजावलं नव्हतं. कळलं की जाणार ती मीच, एवढं मला पक्कं कळत होतं. आणि मला ही नोकरी सोडायची नव्हती. मार्चअखेर माझा करार नवा व्हायचा होता. दूध तपासायला मला आवडतं. माझ्याकडे उरलेल्या गोष्टींत ती एकच होती जी मला नीट येत होती.

गणपतीच्या आधी त्याने साखरपुड्याचे पेढे वाटले. ओट्यापासून सुरुवात करून आत आला. माझ्यापुढे पुडा धरला तेव्हा मी खिशाकडे बघून "अभिनंदन" म्हटलं आणि पेढा घेतला. सगळ्यांसमोर खाल्ला, कारण हातात धरून ठेवला असता तर दिसलं असतं. मामा म्हणाले, "ताई, एवढ्याशा पेढ्याला किती वेळ चावताय!" मी म्हटलं, "दात दुखतोय." माझी सगळी कारणं तोंडाशी तयार असायची.

गणपती गेल्यावर मला ताप आला. तीन दिवस घरी होते. सर फोनवर कुरकुरले, कारण तीन दिवस दुसरं नाक त्यांना व्हावं लागलं. चौथ्या दिवशी मी गेले. त्या दिवशी पहिला नंबर माझा होता. पहिलं झाकण उघडलं, नाकाशी धरलं.

काहीच आलं नाही.

मला वाटलं, कॅन रिकामा आहे. वाकून बघितलं. दूध काठोकाठ होतं. दुसरं झाकण. तिसरं. बंद खोलीत हवा हुंगावी तसं वाटत होतं. माझ्या मागे तो आपल्या चिठ्ठीसाठी थांबला होता आणि मी थांबले तर त्याला कळणार होतं. मी पुढे जात राहिले. बारा झाकणं हुंगली आणि बारा वेळा "ठीक" लिहिलं. त्याची चिठ्ठीही बारा वेळा ठीक होती. सर म्हणाले, "बरं वाटतंय ना आता?" मी म्हटलं, हो.

घरी जाऊन हिंगाची डबी उघडली. मग गॅसवर मोहरी करपवली. आई ओरडत आली तेव्हा कळलं की करपली आहे. दौंडच्या डॉक्टरांनी नाकात टॉर्च मारून बघितलं. "तापानंतर होतं असं. येईल. कुणाला पंधरा दिवसांत येतं, कुणाला महिने लागतात." मी विचारलं, येणार नाही असंही होतं का? ते म्हणाले, "काळजी करू नका," आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

सरांना सांगायला हवं होतं. आज हे वाक्य लिहायला सोपं आहे. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की वास न येणारी तपासनीस कुणाला नको असते, आणि मार्चअखेर करार नवा व्हायचा आहे. आणि एक गोष्ट हरवल्यावर दुसरी हरवली हे तोंडाने म्हणायची माझी तयारी नव्हती. त्यामुळे मी त्याच्याकडे बघायला लागले.

ज्या दिवशी त्याचा पहिला नंबर असे, त्या दिवशी मला वाचायला त्याचा चेहरा होता. चार वर्षांत तो मला पाठ झाला होता. झाकण आंबट असलं की तो श्वास मध्येच तोडतो. औषधाचा वास आला की डावी भुवई किंचित वर जाते. चांगलं दूध असलं की झाकण चटकन ठेवतो. नसलं की सावकाश, आवाज न करता. त्याने झाकण कसं ठेवलं त्यावरून मी माझी चिठ्ठी भरायची. माझा पहिला नंबर असे तेव्हा झाकणं उघडायला मामा असायचे. मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारायची, "आज कसं काय दूध?" मामांना बोलायला आवडायचं. "त्यो पाचवा जरा कुबट मारतोय," असं ते म्हणायचे. नियमात ते बसत नव्हतं. पण मामांच्या बोलण्याकडे कुणी नियम म्हणून बघत नव्हतं.

म्हणजे ज्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवून मी दोन महिने उभी होते, त्याच चेहऱ्याकडे आता एका सकाळी वीस-पंचवीस वेळा बघत होते. त्याच्यापासून चार हातांवर, थोडं बाजूला, जिथून नाक आणि भुवई दोन्ही दिसतील. झाकणाचं काय, याची भीती वेगळी आणि त्याने वळून बघितलं तर, याची वेगळी.

त्याने वळून बघितलं. एकदा नाही, बऱ्याचदा. आणि त्याला वाटायचं तेच वाटलं.

नवरात्रात एका सकाळी मी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धूत होते. तो दारात आला, मागे कुणी नाही हे बघून आत आला आणि नळ चालू केला, आवाजासाठी.

"असं बघू नका," तो हळू म्हणाला.

मी नळी धूत राहिले.

"लोकांच्या लक्षात येईल. तुमचंच नाव खराब होईल." मग आणखी हळू, "दिवाळीनंतर लग्न आहे माझं. तुम्हाला माहीत आहे."

मला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी तुमच्याकडे नाही, झाकणाकडे बघते. मला वास येत नाही. पण मग माझी नोकरी त्याच्या हातात गेली असती. आणि नाही सांगितलं तर त्याला वाटत राहणार होतं की मी रोज सकाळी ओट्यावर उभी राहून त्याच्याकडे भीक मागते. दोन्हीतलं कमी वाईट कोणतं, हे ठरवायला मला नळ चालू होता तेवढाच वेळ होता.

"बरं," मी म्हटलं.

त्याने नळ बंद केला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने चेहरा काढून ठेवला. दुसरा शब्द मला सुचत नाही. रांगेतून जाताना माझ्याकडे पाठ करायचा, आणि बाजूने दिसला तरी त्याच्या चेहऱ्यावर काही नसायचं. चांगलं झाकण, वाईट झाकण, सगळी एकाच वेगाने खाली ठेवायचा. तोही शिकला होता. मी त्याच्या खिशाकडे बघायला शिकले तसा.

त्याच सुमारास आमच्याकडे लाल कांदा निघायला लागतो. शेतात काढणी चालू असली की पात ढिगाने पडते आणि ती गाईंपुढे जाते. गाईला पात आवडते. दुधात कांद्याचा वास उतरतो. दूध ताजं असतं, फॅट बरोबर, उकळलं तरी फाटत नाही, प्रयोगशाळेतली एकही तपासणी त्याला अडवत नाही. पण त्या दुधाचा पेढा केला तर कांद्याचा पेढा होतो. त्या दिवसांत आम्ही केंद्रांना फोन करकरून सांगायचो की पात धार काढल्यावर घाला, आधी नको. काही ऐकायचे, काही नाही. त्या दिवसांत दोन नाकं फार महत्त्वाची असतात.

दिवाळीच्या आठ दिवस आधीची गोष्ट. एका केंद्राचे बारा कॅन आले. पहिला नंबर त्याचा होता. त्याने पाठ करून रांग संपवली, चिठ्ठी घडी करून टेबलावर ठेवली आणि बाजूला झाला. मामा त्या वेळी दुसऱ्या टेम्पोवर होते. मी एकटी बारा झाकणांपुढे उभी राहिले. प्रत्येक झाकण नाकाशी धरलं, जास्तच वेळ धरलं, जणू जास्त वेळ धरल्याने काही येणार होतं. मग मनाशी म्हटलं, काल याच केंद्राचं दूध चांगलं होतं. बारा वेळा ठीक लिहिलं आणि चिठ्ठी त्याच्या चिठ्ठीशेजारी ठेवली.

सरांनी दोन्ही उघडल्या आणि चष्मा वर केला.

"चार, पाच, नऊ," ते म्हणाले. "याची चिठ्ठी म्हणते कांदा. तुमची म्हणते ठीक. तिन्हीला?"

सर उठून ओट्यावर आले. आम्ही दोघं त्यांच्या मागे. सरांनी चौथ्या कॅनचं झाकण उघडलं आणि नाकाजवळ न्यायच्या आधीच हात खाली केला. मामा टेम्पोवरून परत येऊन दोन कॅन सोडून उभे होते, ते तिथूनच म्हणाले, "सायेब, मला हितं उभ्या उभ्या भजी आठवायला लागल्याती. न्हाई म्हंजी, कढई कुठाय?"

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि पुढचं बोलणं सोडून कॅनला हात घातला.

"हे तुम्हाला आलं नाही?" सरांनी मला विचारलं.

तेव्हा तो बोलला. मधे पडून, घाईने. "सर, मॅडमना कालपासून सर्दी आहे. माझ्या लक्षात होतं, मीच तुम्हाला सांगायला हवं होतं."

त्याच्या आवाजावरून मला कळलं की त्याला आत्ता, याच क्षणी कळलं आहे. तो माझ्याकडे बघत होता. आणि मी बऱ्याच दिवसांनी, काही वाचायचं नसताना, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. नळाजवळचं बोलणं त्याला आठवलं असणार.

त्याने मला वाट काढून दिली होती. सर्दी. दोन दिवसांची. मी मान हलवली असती तर सर पुटपुटत आत गेले असते. पण दोन दिवसांनी काय? रोज त्याने मला खूण करायची, मी लिहायचं, आणि त्या बदल्यात मी त्याच्या लग्नाला जाऊन हसून फोटो काढायचा? तो मागणार नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी ते देत राहिले असते.

"सर्दी नाही सर," मी म्हटलं. "ताप आला होता तेव्हापासून मला वास येत नाही. पाच आठवडे झाले."

सरांनी झाकण कॅनवर परत बसवलं. मग आकडा मोजल्यासारखं म्हणाले, "म्हणजे पाच आठवडे ही डेअरी एका नाकावर चालली."

"हो."

"आणि चिठ्ठ्या जुळत होत्या. कशा?"

हा प्रश्न येईल हे मला सुचलं नव्हतं. तो खाली बघत होता. त्याचा चेहरा बघून लिहीत होते, असं म्हटलं तर पुढचा प्रश्न असता, इतका कसा वाचता येतो? मामा तिथेच उभे होते. सगळ्या गोष्टी त्या एका उत्तरावर लटकत होत्या.

"कधी मामांना विचारून," मी म्हटलं, "कधी यांनी झाकण कसं ठेवलं ते बघून. आंबट असलं की हे सावकाश ठेवतात."

"व्हय सायेब," मामा एकदम म्हणाले. "सगळ्यांला म्हायतीये ते. मी बी त्याच्यावरूनच बघतो कुठला कॅन बाजूला घ्यायचा."

हे खरं होतं की मामांनी त्याच क्षणी बनवलं, मला आजवर कळलेलं नाही. त्यांना किती माहीत होतं, तेही नाही. तीन पोळ्या कुणाच्या होत्या हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

सरांनी लेखी खुलासा मागितला. मी त्याच दुपारी लिहून दिला, एक पान, कारणं न देता. ते दूध परत गेलं. केंद्राचा फोन आला, सरांनी घेतला. मला ओट्यावरून काढून आत फॅटच्या टेबलावर बसवलं. सर म्हणाले, "मार्चपर्यंत बघू. ओट्याचं काम न जमणारा तपासनीस मला परवडत नाही, हे तुम्हाला कळतंय. पण लपवलंत याचा राग जास्त आहे." मी म्हटलं, कळतंय. त्यांनी आणखी एक ठरवलं. रोज सकाळी पहिल्या टेम्पोचं पहिलं झाकण माझ्या टेबलावर आणायचं. येतो का वास, बघायचं. आणणार कोण? पहिलं नाक. म्हणजे रोज तोच. दुसरं नाक आता सर स्वतः होते, आणि सर झाकणं उचलून आत येणार नव्हते.

त्यामुळे रोज सकाळी सव्वासहाला तो झाकण घेऊन माझ्या टेबलाशी यायचा. झाकण पुढे करायचा. मी हुंगायची.

"आलं?"

"नाही."

"बरं."

एवढंच. पहिल्या दिवशी तो झाकण घेऊन जायला वळला आणि थांबला. "तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "नळाजवळ."

"हो."

"मी काय काय बोललो."

मी म्हटलं, "झाकणाकडेच बघत होते मी." तो मान हलवून गेला. मी जे म्हटलं ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. तेवढं माझ्याकडे राहू दिलं.

दिवाळीनंतर तो आठ दिवस रजेवर होता. त्या आठवड्यात ओट्यावर सर एकटेच हुंगायचे आणि झाकण मामा आणायचे. "घ्या ताई, खोल घ्या. न्हाई आलं? येईल येईल. नाक जातंय कुठं." तो परत आला तेव्हा हातावरची मेंदी फिकी झाली होती. मी झाकण घेताना ती बघितली आणि खिशाकडे नजर नेली. जुनी सवय, पण ती अजून उपयोगी होती.

थंडी पडली. एसटीच्या काचा बंद असायच्या. पुलापर्यंत रडायचं आपोआप कमी झालं होतं. कधी पुस्तकातली दोन-तीन पानं खरोखर वाचून व्हायची. जानेवारीत एका सकाळी त्याने झाकण पुढे केलं आणि मला काहीतरी आलं. दुधाचा वास नव्हे. करपल्यासारखं, लांबून, भिंतीपलीकडून येतं तसं. मी पुन्हा हुंगलं. होतं.

"आलं?" त्याने विचारलं.

वास आला म्हणजे नोकरी राहिली. वास आला म्हणजे परत ओटा, परत दोन चिठ्ठ्या, परत त्याच्या मागे बारा झाकणं. आणि रोज सव्वासहाचा हा प्रश्न बंद. बाक संपल्यापासून त्याने मला विचारलेला हा एकच प्रश्न होता ज्याला काही अर्थ होता.

"नाही," मी म्हटलं.

"बरं." तो गेला.

तो सगळा दिवस मी बिथरलेली होते. फॅटच्या तीन नळ्या पुन्हा लावाव्या लागल्या. परतीच्या एसटीत पुस्तक उघडलंच नाही. एक खोटं पाच आठवडे चाललं होतं. हे दुसरं किती दिवस चालेल, हे मला चांगलंच दिसत होतं. पुलावर गाडी हळू झाली तेव्हा खाली नदीच्या पाण्यात कुणीतरी म्हशी धूत होतं.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला तो आला. झाकण पुढे केलं. करपल्यासारखं, पण आज थोडं जवळून, आणि त्याच्या खाली आंबटाची एक बारीक रेघ.

"आलं?"

"आलं," मी म्हटलं. "हे आंबट आहे. आत्ताच बाजूला काढा."

त्याने झाकण स्वतःच्या नाकाशी नेलं, हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. "हो," म्हणाला. मग, बहुतेक नकळत, झाकण माझ्या टेबलावर ठेवलं. सावकाश, आवाज न करता.

त्यानंतरच्या सोमवारपासून मी पुन्हा ओट्यावर आहे. वास अजून पूर्ण आलेला नाही. तसं मी सरांना लिहून दिलं आहे आणि ज्या झाकणाची खात्री वाटत नाही तिथे "सांगता येत नाही" असं लिहिते. सरांना ते चालतं. मार्चमध्ये करार नवा झाला. त्याचा पहिला नंबर असला की मी फाटकाकडे तोंड करून उभी राहते, तो संपवेपर्यंत.